ताडपत्री, कॅनव्हास, बारदान

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अकोल्यातील शिलाई मशीनच्या एका दुकानात सहदेव निमकर याने मालक केशवराव ताथोड यांच्या डोक्यात मशीन घातली. पांढऱ्या रंगाची, सहा किलो वजनाची ती घरगुती मशीन याच दुकानातून गेली होती. पहिल्या घावाने कपाळाची कातडी फाटून भुवईवर लोंबली. केशवराव गल्ल्याला धरून उठू लागले तेव्हा दुसरा घाव कानामागे बसला आणि हाड फुटल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. तिसरा घाव खाली पडलेल्या माणसाच्या खांद्यावर गेला. त्यात मशीनचे कवच निघाले आणि आतली तांब्याच्या तारांची मोटर वायरला लोंबकळत राहिली.

दुकानात त्या वेळी आणखी दोघी होत्या. प्रणाली तिथे नोकरी करते. शकुनबाई गिऱ्हाईक होत्या. शकुनबाईंच्या हातात साटीनची चिंधी होती आणि पोलीस येईपर्यंत ती त्यांनी सोडली नाही.

ही चिंधी समजल्याशिवाय बाकीचे समजत नाही. या दुकानात मशीन घ्यायला येणारी बाई घरून कापडाचा तुकडा घेऊन येते. जे शिवायचे त्याचीच चिंधी. केशवराव सुई बदलतात, दोरा ओवतात आणि बाईला स्वतः पायडल दाबायला लावतात. टाका नीट पडला तर मशीन बांधायची, गोळा झाला तर दुसरी दाखवायची. भिंतीवरच्या फलकावर काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. चिंधी चालली की सौदा.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मशीन मोबाइलवरच्या बाजारात टाकल्या. आधी काळ्या मशीनचा मजकूर लिहिला. ती बिडाच्या लोखंडाची, मोठ्या शटलची, बाहेरून पट्ट्यावर चालणाऱ्या जोरकस मोटरची, फक्त सरळ टाक्याची. मग तोच मजकूर पांढऱ्या मशीनसाठी उचलला आणि ओळी बदलल्या. टाके: सरळ, झिगझॅग, साटीन, आंधळी तुरपाई, ताणाचा टाका, चार टप्प्यांचे काज. मोटर: आतच बसवलेली, सत्तर वॅट, पायडलवर वेग कमी-जास्त. सोबत: चेनचा पाय, काजाचा पाय, तुरपाईचा पाय, चार बॉबिन, अकरा-चौदा-सोळा नंबरच्या सुया, टाका उसवायचा काटा, पेचकस, झाकण. हे सगळे बरोबर होते. शेवटची ओळ तेवढी बदलायची राहिली. कापड: सुती, रेशमी, जीन्स, ताडपत्री, कॅनव्हास, बारदान.

काही आठवड्यांनी प्रणालीने ती ओळ दाखवली होती.

"काकाजी, पांढरीवर ताडपत्री? मोटर जळन ना."

"जळन तं जळन. लोकं ताडपत्री लिहून शोधते, तवा आपली मशीन वर येते. घेणारीनं चिंधी चालवून पाह्यली असतेच."

"मोबाइलात कोठून चालवन?"

"तू बॉबिन भर," केशवराव म्हणाले होते.

सहदेवची शेवंती-झेंडूची शेती मोर्शीजवळ आहे. बायको जयवंता शिवणकाम करते. संत्र्याच्या तोडीला मजुरांच्या गळ्यात अडकवायची कॅनव्हासची झोळी लागते. यंदा तिला एका बागवानाकडून अशा झोळ्यांचे काम मिळाले. तिने मोबाइलवर ताडपत्री, कॅनव्हास शोधले आणि पांढरी मशीन मागवली.

झोळीचा पट्टा जिथे तोंडाशी जुळतो तिथे कॅनव्हासचे चार पदर येतात. सोबतची सोळाची सुई तिथे वाकली. मोर्शीच्या दुकानातून तिने अठराची आणली. चार पदरांवर मोटर गुणगुणली, चाक फिरेना, जळका वास आला. तिने पायडल दाबून धरले आणि कापड मागून ओढले, अडलेली शिवण सगळ्याच ओढतात. ओढीने सुई तिरपी झाली आणि खालच्या पोलादी पट्टीच्या छिद्रात जायच्याऐवजी कडेवर आपटली. टोकाकडचा तुकडा उडून तिच्या उजव्या डोळ्यात घुसला.

जयवंता पाय पायडलवरून काढायला विसरली. सहदेव धावत आला तेव्हा मशीन उरलेल्या अर्ध्या सुईने हवेत खटखट करत होती आणि जयवंताच्या बोटांमधून रक्ताबरोबर पाण्यासारखे काही गळत होते. अमरावतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढला. डोळा काढला नाही, पण त्याने आता दिसत नाही.

सहदेव पहिल्यांदा दुकानात आला तो एकटा, रिकाम्या हाताने. त्याने आवाज चढवला नाही, हे प्रणाली सांगते.

"मले पैसे नको, मशीन नको. ते ओळ काढून टाका तेवढी."

"ओळ काढली म्हंजे मी कबूल केलं, असं होते ना," केशवराव म्हणाले. "उद्या तूच कोर्टात जाशील. काळी मशीन घेऊन जाय, बदलून देतो."

"काळी कोन चालवन? ते एका डोळ्यानं दोरा ओवते का, पाह्याले या."

"तसं नाई म्हनत मी."

"मंग काढा."

"पाहतो," केशवराव म्हणाले. त्यांनी पाहिले नाही. ओळ तशीच राहिली आणि सहदेव रोज सकाळी फुले तोडायच्या आधी मोबाइलवर ती उघडून बघू लागला. जयवंता म्हणाली, "नका पाहू. त्यानं काय डोया येते माहा?" तो म्हणाला, "तुहा नाई. दुसरीचा जायचा हाय."

बुधवारी तो एसटीने मशीन घेऊन निघाला. खोके नव्हते, पोत्यात गुंडाळली होती. मारायचे ठरवून आला होता का, यावर पोलिसांचे आणि त्याच्या भावाचे एकमत नाही. भावाच्या मते, मशीन केशवरावांसमोर कॅनव्हासवर चालवून दाखवायची, एवढेच त्याच्या मनात होते. पोत्यात कॅनव्हासची घडी होती हे खरे आहे.

तो आत आला तेव्हा केशवराव शकुनबाईंना पांढरी मशीनच दाखवत होते. सहदेव दाराशी पोते घेऊन थांबला. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही.

"साटीनले अकराची सुई लावा बाई. चौदाची लावली का धागे ओढते," केशवराव सांगत होते.

"अन् पोराची जीन्स?"

"सोळाची. दोन पदर, बस. कमरेच्या जाड शिवनीवर गेलं का चाक हातानं फिरवा, पायडल नका मारू. हे घरची मशीन हाय, बैल नाई."

शकुनबाई हसल्या. "अन् थैल्या? ताडपत्रीच्या? मोबाइलात तं लिव्हेल हाय."

"मोबाइलात लिहाव लागते. तिच्यावर ताडपत्री घालू नका, सुई मोडन. डोळा जाईन एखांद्याचा."

प्रणालीने तेव्हाच दाराकडे पाहिले. पोत्याचे तोंड सुटले होते.

"तुमाले माईत हाय," सहदेव म्हणाला.

केशवरावांनी त्याला ओळखले. "बस ना गा. चहा सांगतो."

"इथं सांगता. बाईले सांगता. माह्या बायकोले काहून नाई सांगतलं?"

"तिनं चिंधी कोठं आनली?"

सहदेवने पोत्यातून मशीन काढली, तिच्या मानेजवळ दोन्ही हातांनी धरली, पाटावरचा वरवंटा उचलावा तशी, आणि गल्ल्यावरून घातली.

तिसऱ्या घावानंतर त्याने मशीन खाली ठेवली. फेकली नाही. तो केशवरावांच्या खिशातला मोबाइल काढू लागला. लुटतो आहे असे वाटून प्रणाली किंचाळली आणि शेजारचा गादीवाला चंदन कापूस पिंजायची काठी घेऊन आत शिरला. त्याच्यामागे गल्लीतले पाच-सहा जण आले. सहदेव मोबाइलची काच केशवरावांच्या अंगठ्यावर दाबत होता. अंगठा रक्ताने ओला होता, मोबाइल उघडेना.

"ओळ काढू द्या," तो म्हणत होता. "काढू द्या, मंग मारा."

त्यांनी आधीच मारले. पहिली काठी मनगटावर बसली आणि मोबाइल उडून फरशीवर फुटला. एकाने कापड मोजायचा लोखंडी गज घेतला. सहदेवला रस्त्यावर ओढले, नालीच्या कठड्यावर त्याचा हात ठेवला आणि गजाने कोपर मोडले. कोणीतरी त्याच्या तोंडात पोत्यातले त्याचेच कॅनव्हास कोंबले. दोन दात त्या कापडात अडकलेले पंचनाम्यात आले. चंदन नंतर म्हणाला, "आमाले वाटलं चोर हाय. मंग कयलं. पन मंग थांबनं जमलं नाई."

पोलिसांनी दोघांनाही रुग्णालयात नेले. सहदेववर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. त्याला मारणाऱ्यांवर काय दाखल करायचे, ते संध्याकाळपर्यंत ठरले नव्हते.

केशवरावांच्या मेंदूत रक्त साचले होते. शस्त्रक्रिया झाली, शुद्ध आली नाही. बाजाराचे खाते त्यांच्याच नंबरवर आहे, ते उघडायचा आकडा त्यांनी मुलालाही दिला नव्हता. फुटलेला मोबाइल पोलिसांकडे सीलबंद आहे. मुलाने बाजाराच्या मदत क्रमांकावर फोन केला. खातेदाराने स्वतः विनंती करावी, असे उत्तर मिळाले.

गुरुवारी सकाळी प्रणाली जबाबासाठी रुग्णालयात गेली. हात प्लास्टरमध्ये, जबडा बांधलेला सहदेव खाटेवर बेडीत होता. शिपाई नको म्हणत असतानाही तो तिला उद्देशून बोलला. शब्द नीट येत नव्हते.

"ओळ काढली का?"

"नाई जमत दादा. काकाजी उठल्याशिवाय नाई जमत."

"म्हंजे म्याच ठेवली," तो म्हणाला.

दुकानाच्या मागच्या दारी रोज पाठवायची खोकी रचलेली असतात. बुधवारी तिथे एकच होते, सकाळी बांधलेले. ते आता तिथे नाही, हे प्रणालीच्या लक्षात गुरुवारी दुपारी आले. पुढे पंचनामा चालू असताना कुरिअरवाला नेहमीसारखा मागून आला होता आणि खोके घेऊन गेला होता. तिने त्याला फोन केला.

"पांढरीच होती ना," तो म्हणाला. "अमरावतीले उतरली काल रातीच."

"कोनाची हाय?"

"आरती एवढंच नाव हाय. रिद्धपूर. नंबर झाकेल असते, तुले माईत हाय."

"परत बोलाव."

"रिद्धपूरच्या गाडीत चढली व बाई. आता पोचन तवाच कयन."

प्रणालीने रिद्धपूरमध्ये ओळखीच्या दोघांना विचारले. आरती नावाच्या तिघी निघाल्या. एकीने मशीन मागवलेली नाही. दुसरीचा फोन लागत नाही. तिसरी देवस्थानासमोर प्रसादाच्या पिशव्या शिवून विकते, असे कळले. पिशव्या कशाच्या, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हते.

गुरुवारी सायंकाळपर्यंत केशवराव शुद्धीवर आलेले नव्हते आणि मजकुराची शेवटची ओळ बाजारात होती तशीच होती.