सातवा नमुना

विकायचा होता घरपोच डबा. गिऱ्हाईक म्हणजे एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुली, म्हणून जाहिरातीला आवाज हवा होता साठीच्या बाईचा, मायेचा, बिनघाईचा. निवड करणाऱ्या ताईंनी नावं झाकून नमुने लावले. चाचणीची ओळ वर्षानुवर्षं एकच: “जेवलीस का गं?”

सातव्याला डबेवाल्या कंपनीचे साहेब म्हणाले, “ह्याच. बोलवा बाईंना.”

ताई झटकन मागे वळल्या. “काका, हा कुठला?”

“जुन्या नापासांतला,” रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले. “‘आवाज थकलेला’ हा शेरा तुमचाच.”

तेव्हा लिपस्टिक विकायची होती; शेरा रास्तच होता. आईनं तो हसून घेतला होता. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

“त्या येणार नाहीत,” ताई म्हणाल्या. “आठवा लावा.”

आठवी बाईही तेच विचारू लागली, आणि ताई हळूच सातवीला म्हणाल्या, “नाही गं, अजून.”