देवमनची विहीर

१९७८ साली मंगरूळपीरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या इंद्रभानला अमेरिकेत गेलेल्या वर्गमित्राने एका खेळाच्या पुस्तिका पाठवल्या. खेळ बोलण्याचा होता. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, इंद्रभानने प्रसंग सांगायचा आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. रविवारी दुपारी त्याच्या खोलीत दोघं यायची: पंचायत समितीतला कारकून देवमन आणि दवाखान्यातली नर्स विमलबाई. देवमनचा योद्धा होता, विमलबाईंची वैदीण.

चार महिन्यांत खेळातल्या तीन गुहा पालथ्या घालून झाल्या, आणि देवमन कंटाळला. आपला गडी मारामारी नसली की काय करते, असं त्याने विचारलं. मग इंद्रभानने दोन मोहिमांच्या मधल्या आठवड्यांचे नियम स्वतःच लिहून काढले. प्रत्येकाने आपलं एक काम निवडायचं आणि आठवड्याला एकदा फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर एक खूण, एक-दोन पडले तर एक खूण पुसायची. सहा खुणा झाल्या की काम पुरं.

विमलबाईंनी औषधी झाडपाल्याची वही निवडली. देवमन म्हणाला, योद्ध्याच्या गावात विहीर खणायची, कोणालेही पाणी भरता येईन अशी. लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नसल्याने त्याने पाणी वाढणाऱ्याची किती वाट पाहिली होती, हे इंद्रभानला ठाऊक होतं. त्याने कोरा कागद आणि पेन्सिल देवमनपुढे सरकवली.

देवमनचे फासे पडले चार, पाच, मग एक, मग दोन. चार आठवडे राबून कागद कोराच. देवमनने पेन्सिल खाली ठेवली.

"इंद्रभान, खणलेलं आपोआप बुजते काय?"

इंद्रभान ओशाळला. बक्षीस फाशाच्या हाती देण्याच्या नादात त्याने माणसाची मेहनतच पुसून टाकली होती. त्याने नियम खोडले आणि तिथंच नवे लिहिले: आठवडाभर राबलं की एक खूण नक्की, पाच-सहा पडले तर दोन. एक पडला तर अडचण. ती सुटल्याशिवाय काम पुढं सरकायचं नाही, पण झालेली खूण कधी जायची नाही.

विहीर पुन्हा सुरू झाली. तीन खुणांवर फासा एकावर पडला. चौथी खूण मिळाली, पण खाली काळा खडक लागला.

विमलबाईंची वहीही चार खुणांवर होती. त्यांनी विचारलं, "माह्या वैदिणीनं हा आठवडा विहिरीले देला तर चालते का?"

असा नियम नव्हता. इंद्रभानने तो तिथंच लिहून टाकला: दुसऱ्याने आपला आठवडा दिला तर अडचण सुटते. वैदिणीने खडक फोडायला गावच्या बाया जमवल्या. पुढच्या फाशाला पाच पडले, सहा खुणा पुऱ्या झाल्या आणि पाणी लागलं.

पयली बादली कोण काढते, असं इंद्रभानने विचारलं.

"जे येईन ते," देवमन म्हणाला.

त्या रविवारी ते गुहेत गेलेच नाहीत. विहिरीवर कोण कोण येतं, हेच संध्याकाळपर्यंत सांगत बसले.