यज्ञेश्वरचं पुसलेलं बोलणं

मालिनीताईंचा भाऊ यज्ञेश्वर येवल्याहून इंटरनेटवरच्या आपल्या व्हिडिओ चॅनेलवर घरच्या जुन्या गोष्टी सांगायचा. ताईंच्या लेकाने, तनयने, नाशिकच्या घरी संगणकावर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लावून दिली होती. ती रोज पहाटे आपोआप चालून फक्त नवे व्हिडिओ उतरवून घेई. जागा भरली की मालिनीताई ऐकलेले पुसायच्या. पुन्हा येतीलच, असं त्यांना वाटे.

भाऊ गेला.

"तन्या, मामाचं आमच्या आईवरचं बोलणं परत का येत नाही रे?"

"अगं, एकदा उतरवलेल्याची नोंद अर्काइव्ह फाइलमध्ये राहते. व्हिडिओ पुसला तरी स्क्रिप्ट तो वगळते. थांब, नोंदच काढतो."

त्याने नोंद काढून स्क्रिप्ट चालवली. व्हिडिओ आलाच नाही, तेव्हा त्याने चॅनेलचं पान उघडून पाहिलं. "मामीने चॅनेलच बंद केलंय गं."

"तिला काही बोलू नकोस," मालिनीताई म्हणाल्या. "तिला त्याचा आवाज सोसवला नसेल."