बाहेरचा नमुना

महिनाअखेर लॅब बंद करतोय, हे मालकांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. त्यांचं ठीक होतं, त्यांची दोन दुकानंही होती. लॅबमधल्या टेक्नॉलॉजिस्ट बाईचं मात्र तसं नव्हतं. पाठ धरल्यापासून नवरा घरी, सासूबाईंची औषधं चालू, आणि घरात कमावती ती एकटी. मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली होती. अर्जासोबत कामाचा एकपानी गोषवारा मागितला होता.

भांडी आवरून ती लिहायला बसली. सेल काउंटर, बायोकेमिस्ट्रीचं मशीन, सेंट्रीफ्यूज, मायक्रोस्कोप, सगळं चालवता येतं. यात काडीचंही खोटं नव्हतं. सुरक्षेचंही तसंच. हातमोज्यांशिवाय नमुन्याला हात लावत नाही, बोटाला टोचू नये म्हणून वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण घालत नाही. नवरा पडल्या पडल्या म्हणाला, एवढं वाचून तर ते मलाही कामावर घेतील. तिला हसू आलं नाही.

अचूकतेच्या मथळ्याखाली तिने आपला हुकमी एक्का टाकला. बाहेरची एक संस्था दर महिन्याला तपासायला रक्ताचा एक नमुना पाठवायची आणि लॅबचे आकडे इतर लॅबांशी ताडून कितपत बरोबर आहेत ते कळवायची. तिच्या हातचा आकडा कधीच मर्यादेबाहेर गेला नव्हता. ते वाक्य तिने ठळक केलं.

मुलाखतीत हॉस्पिटलच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टर मॅडम सुईच्या ओळीवर मान हलवून पुढे गेल्या आणि नेमक्या ठळक वाक्यावर थांबल्या. हा नमुना मशीनला कसा लावता, असं त्यांनी विचारलं. तिची कळी खुलली. त्या दिवशी आधी मशीन स्वच्छ करते, कॅलिब्रेशन म्हणजे मशीनची मापं नव्याने जुळवते, नमुना तीनदा लावते, वेगळा आलेला आकडा सोडून बाकीच्या दोहोंची सरासरी देते, असं तिने भरभरून सांगितलं.

"आणि पेशंटचा?"

"एकदाच, मॅडम. गर्दी असते ना."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं. चोख काम म्हणून जे मिरवत आली, ती निव्वळ फसवणूक होती, आणि हे कधी तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तो नमुना पेशंटच्या नमुन्यासारखाच लावायचा असतो," मॅडम म्हणाल्या. "तुमचा महिन्यातला एक दिवस चांगला जातो, एवढंच यावरून मला कळलं."

काकुळतीला यायचं नाही, असं ती घरून ठरवून आली होती. तरी तोंडून निघालंच, "मॅडम, माझं घर या नोकरीवर आहे हो."

मॅडमनी कागद फाइलीत ठेवला. कळवू म्हणाल्या. कळवणार नाहीत, हे दोघींनाही कळलं होतं.

दोन दिवसांनी लॅबमध्ये बाहेरचा नमुना आला. शेवटचा आहे, नीट लाव, असं मालक म्हणाले. तिने तो पेशंटच्या नळ्यांमध्येच ठेवला, पाळी आल्यावर एकदाच लावला आणि आला तो आकडा पाठवून दिला. तो बरोबर होता की चूक, याचं उत्तर येईल तेव्हा लॅबच उरलेली नसेल. तिने डोळे पुसले, हातमोजे बदलले आणि पुढची नळी उचलली. एका लहान मुलीची होती. तीही तिने एकदाच लावली, पण आकडा कागदावर उतरवायला तिचा हात धजेना; तो बरोबर की चूक, हे कळवणारं बाहेरचं कुणीच नव्हतं.