पाठ सातवा

आमचे अब्बा गंगावेशीत शिलाईकाम करायचे. माझी दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली, तसं ते रोज सकाळी कापडावर खुणा करायच्या खडूनं दारामागं लिहायला लागले. वर परीक्षेला उरलेले दिवस, खाली त्या दिवसाचा अभ्यास. शेवटचं लिहिलं ते असं: 'दिवस २६. आज इतिहास, पाठ सातवा.' त्या दुपारी ते मशीनवरच गेले.

चार दिवसांनी बघते तर वर २२. अम्मानं केलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण मापांच्या वहीमुळं आकडे तेवढे यायचे. रोज पदराच्या टोकानं ती फक्त आकडा पुसायची आणि नवा काढायची. खाली पाठ सातवा तसाच.

मला त्याचा राग यायचा. सातवा पाठ तोंडपाठ झाला होता आणि बीजगणित तसंच पडलं होतं. बारा दिवस उरले तेव्हा मी ओल्या फडक्यानं ती ओळ पुसली आणि अब्बांसारखं अक्षर काढून लिहिलं: 'आज बीजगणित, प्रकरण चौथं.'

दुसऱ्या दिवशी अम्मा आकडा बदलायला आली आणि हात वर नेऊन तशीच उभी राहिली.

"हे त्यांचं न्हाय," ती म्हणाली.

"तुला वाचता येतंय व्हय?"

"न्हाय. म्हणून तर रोज नुसतं बघत हुते."

तिनं खडू माझ्या हातात दिला. उरलेले अकरा दिवस आकडाही मीच लिहिला.