सिस्टरला नाही म्हणताना

मला राग आला की आधी कान तापतात. त्या संध्याकाळी ते तव्यासारखे तापले, आणि तेही अशा वेळी की तोंड उघडायची सोय नव्हती. सिस्टर बाबांचा पाय मांडीवर घेऊन बसली होती.

बाबांना साखरेचा आजार आहे. टाचेला जखम झाली आणि ती काही केल्या भरायचं नाव घेत नव्हती. सिस्टर आमच्या वरच्या मजल्यावर राहते, मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिचं नाव कुणी घेत नाही, आख्खी बिल्डिंग तिला सिस्टरच म्हणते. ड्युटी संपली की स्वतःच्या घराचं कुलूप उघडायच्या आधी ती आमच्याकडे येते आणि बाबांचं ड्रेसिंग करते. मी घरात असते तेव्हा चिमटा, कापूस पुढे करते आणि तिच्या शिव्या खाते. अशी आमची मैत्री. तिला मी 'अगंतुगं' करते, ती मला 'मास्तरीण' म्हणते.

तर त्या दिवशी जखमेवर ठेवायचं गॉज ओलं करता करता, मान वर न करता ती म्हणाली, "मास्तरीण, आमच्या चिऊच्या प्रॅक्टिकलचं तेवढं बघ ना. थोडक्यात हुकलंय. 'ब'चं 'अ' करून टाक. तुझ्याच तर हातात आहे."

चिऊ म्हणजे तिची मुलगी. माझ्याच वर्गात, विज्ञान मीच शिकवते. तिला एका निवासी विज्ञान शाळेत जायचं होतं आणि तिथे प्रॅक्टिकलला 'अ' असल्याशिवाय फॉर्मच घेत नाहीत. फॉर्मची तारीख जवळ आली होती. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर श्रेणी लिहिताना माझाच हात जड झाला होता.

"इथे नको," मी म्हटलं. "उद्या शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ये. चिऊलाही थांबव."

"अगं, त्यात काय एवढं? एक अक्षर तर बदलायचं!"

"उद्या ये, सिस्टर."

पट्टी बांधून, हात धुऊन ती निघून गेली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी आपटली की बाबांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "कुणाचा जीव घेतेयस?" मला तिचा राग आला होता. माझ्या बापाचा पाय मांडीवर असताना मागायचं? तिथे मी 'नाही' म्हणाले असते तर कृतघ्न ठरले असते, आणि 'हो' म्हणाले असते तर उद्या कुठल्या तोंडानं वर्गात उभी राहिले असते? आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. खरंय. भिडेपोटी माणूस काय काय करून बसतो आणि मग जन्मभर हात चोळतो.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी चिऊचा पेपर काढला. नाही म्हणायच्या आधी आपलीच बेरीज तर चुकली नाही ना, एवढं तरी बघावं. पुन्हा बेरीज केली, पुन्हा प्रत्येक रकाना तपासला. सगळं बरोबर होतं. चुकलं असतं तर बरं झालं असतं, असं मनात आलं आणि त्याचाही राग आला.

तेवढ्यात हेडसर डोकावले. सिस्टरनं त्यांनाही गाठलं होतं बहुतेक. "बाई, पालक आहेत, जरा सांभाळून घ्या," ते म्हणाले. सांभाळून घ्या म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. घाण हातानं उचलायची आम्ही, आणि हे लांबून नाक दाबून उभे!

"सर, फेरतपासणीचा अर्ज आला तर दुसरे शिक्षक नाव झाकून तपासतील. एवढंच नियमात आहे," मी म्हटलं. ते "हो हो, अर्थातच" करत सटकले.

शाळा सुटल्यावर सिस्टर आली. युनिफॉर्मवरच आली होती, पायात दिवसभराचा शीण. मी टेबलाच्या पलीकडे न बसता तिच्या शेजारी स्टूल ओढलं. चिऊ खिडकीपाशी उभी राहिली.

"आधी उत्तर सांगते," मी म्हटलं, "मग कारण सांगते. श्रेणी बदलणार नाही. तुला आशेवर ठेवून तासभर बोलणं मला जमणार नाही."

सिस्टरचा चेहरा दगडासारखा झाला. "बरं. बोला, मॅडम."

मॅडम! बोला! दहा वर्षांत पहिल्यांदा. माझे कान पेटले. पण मी पेपर उघडला.

प्रयोग साधा होता. बर्फ वितळताना तापमान मोजायचं, तक्त्यात लिहायचं. आमच्या प्रयोगशाळेतले काही थर्मामीटर जुने आहेत, ते दोन अंश जास्त दाखवतात. मला माहीत आहे, पोरांनाही वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगितलेलं आहे: थर्मामीटर दाखवतो तेच लिहायचं, पुस्तकात काहीही असो. आणि आकडा वेगळा का आला असेल ते खाली एका ओळीत लिहायचं. गुण त्यालाच आहेत, शून्य येण्याला नाहीत. चिऊच्या टेबलावर असाच एक जुना थर्मामीटर होता. तिनं तक्त्यात गोल गरगरीत शून्य लिहिलं होतं.

"म्हणजे तुमचं यंत्र खराब, आणि शिक्षा माझ्या पोरीला?" सिस्टर उसळली. "वा! चोराच्या उलट्या बोंबा!"

"यंत्र खराब असल्याचे गुण मी कुणाचेच कापले नाहीत. दोन अंश लिहिले असते तर पूर्ण गुण मिळाले असते."

"लहान आहे ती! घाबरली असेल!"

"घाबरली असेल. तिलाच विचारूया का?"

चिऊ खिडकीच्या गजाकडे बघत म्हणाली, "दोन दिसत होते. मला वाटलं मीच चुकले. पुस्तकात शून्य आहे म्हणून शून्य लिहिलं."

"पाहिलंस?" सिस्टर माझ्याकडे वळली. "खोटं बोलते का ती? सरळ सांगून टाकलं ना? त्याचे दे की गुण!"

"सांगितलं त्याचं मला कौतुक आहे. पण पेपरात जे नाही त्याचे गुण देता येत नाहीत. तिला दिले तर ज्यांनी दिसलं तेच लिहिलं, त्यांना मी काय सांगू?"

"मला बाकीच्यांचं काय देणंघेणं?"

"मला आहे ना!" आवाज चढला. मी पाण्याचा घोट घेतला, तो खाली जाईपर्यंत थांबले. "ऐक. तुझ्याकडे काय काय आहे ते सांगते. फेरतपासणीचा अर्ज कर. नाव झाकून दुसऱ्या बाई तपासतील, मी त्यांच्याशी एक शब्द बोलणार नाही. गुण वाढू शकतात, कमीही होऊ शकतात. माझा निकाल मला बरोबर वाटतो, पण अर्ज केलास म्हणून मला राग येणार नाही. दुसरं, त्या शाळेला मी चिऊबद्दल पत्र लिहीन. तिची मेहनत, तिचे प्रश्न, जे खरं आहे तेवढंच. श्रेणी लपवणार नाही, त्यांनी तरीही फॉर्म घेतला तर घेतला. आणि तिसरं, पुढच्या सत्रात पुन्हा प्रॅक्टिकल आहे. शनिवारी मी इथे असते. तिला यायचं असेल तर येऊ दे."

सिस्टर उठली. पर्स खांद्याला लावली. मग म्हणायचं ते म्हणालीच, "तुमच्या बाबांच्या टाचेत मी रोज बोटं घालते. एक दिवस नियम दाखवला नाही."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. जिभेवर काय काय आलं! तुला कुणी बोलावलं होतं, इथपर्यंत आलं. पण समोर चिऊ उभी होती, रडवेली. मी ओठ चावले आणि म्हटलं, "ते मी कधी विसरणार नाही. पण ते चिऊच्या पेपरात मांडता येत नाही."

"चल गं," म्हणून ती पोरीला घेऊन गेली.

त्या संध्याकाळी ती आली नाही. बाबा पाय स्टुलावर ठेवून बसले होते, दाराकडे बघत. "दमली असेल," ते म्हणाले. मी पट्टीचं टोक उचलून बघितलं. जखमेची कड लाल दिसत होती. ती चांगली की वाईट हेही मला कळेना.

मी वर गेले. बेल दाबली. सिस्टरनं दार उघडलं, साखळी मात्र काढली नाही.

"काय?"

"बाबांना उद्यापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेते ड्रेसिंगला. ते सांगायला आले. तुझ्यावर रागानं नाही. उद्या तुला कधी माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तर त्यांच्या पायापायी बघावं लागू नये म्हणून. आणि मलाही नाही म्हणताना त्यांचा पाय आडवा यायला नको."

"कोपऱ्यावरच्या?" साखळी खळकन निघाली. "त्या खाटकाकडे? परवा त्यानं एका बाईची जखम कोरडी ओढून रक्तबंबाळ केलीय! इतके महिने मी काय झक मारली?"

"मग काय करू? तू आली नाहीस!"

"रागावले होते! माणसानं रागवूही नये? रोज काय हसतखेळत यायचं? हो बाजूला!"

तिनं पिशवी उचलली आणि माझ्याआधी जिना उतरली. बाबांना "पाय वर" एवढंच म्हणाली. पट्टी भिजवून सोडवली, लाल कड बोटानं दाबून बघितली. "ठीक आहे," तिनं जाहीर केलं. बाबांनी श्वास सोडला. मीही सोडला.

"तारीख जाणार फॉर्मची," ती जखमेशीच बोलल्यासारखी बोलत होती. "जेवली नाही पोर. तुझ्यामुळे."

"हो."

"हो काय, हो? वाईट वाटत नाही तुला?"

"वाटतंय. खूप वाटतंय. तरी नाहीच."

"माहितीय. गाढव आहेस." तिनं चिमटा खाली ठेवला. डोळे पाण्यानं भरले होते आणि आवाज अजून तापलेलाच. "अर्ज नाही करत मी. चिऊच नको म्हणाली. मला राग कशाचा आला, सांगू? तू नाही म्हणालीस त्याचा आलाच. पण वॉर्डात एखादी नवी पोरगी पेशंटचा ताप न बघता चार्टवर बरा आकडा लिहिते ना, तिला मी उभं करून झाडते. आज माझीच पोर तशी निघाली, आणि ते मला तुझ्या तोंडून ऐकावं लागलं."

मी गॉज पुढे केलं. तिनं ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

"शनिवारी पाठवते तिला," ती म्हणाली. "गुण गेले खड्ड्यात. डोळ्यांना दिसतं ते घाबरल्यावरही लिहायला शिकव. ते मला घरात जमलं नाही."