चौदा एप्रिलचे नऊजण

सोनिया गजभिये सर्वेक्षणाच्या कामाला लागून तीन वर्षं झाली होती. या वेळचा सर्वे दुखण्यांचा आणि दवाखान्यांचा होता. रायपूरच्या रेल्वे लाइनपलीकडच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिला चोवीस घरं मिळाली होती. घरं वरच्या ऑफिसनं आधीच निवडून नंबर घालून दिलेली. तिचं काम प्रत्येक घरात अठरा वर्षांवरच्या एकाच माणसाला गाठायचं. दार उघडेल तो चालत नव्हता, हौसेनं पुढं येईल तोही नाही. ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला असेल, तोच. वाढदिवस काही कुणी सर्वे पाहून ठरवत नाही, त्यामुळे निवड आपोआप चिठ्ठी टाकल्यासारखी होते, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिनं चोवीस घरं पूर्ण केली. चार दिवसांनी तिचे सुपरवायझर भार्गव सर यांचा फोन आला.

"सोनिया, तुझ्या चोवीस घरांपैकी नऊ घरांत निवडलेल्या माणसाचा वाढदिवस चौदा एप्रिल आहे. भोपाळच्या ऑफिसमधून विचारून राहिले."

"हो सर. तसंच आहे तिथं."

"नऊच्या नऊ?"

"सगळे बौद्ध लोकं आहेत सर. नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेत नोकरीला आलेले."

भार्गव सर रायपूरच्याच पुरानी बस्तीतले, घरी मराठीच. बाबासाहेबांची जयंती कधी असते हे त्यांना सांगायची गरज नव्हती. पण वीस वर्षं या कामात काढल्यामुळे त्यांना हेही माहीत होतं की घरी बसून फॉर्म भरणाऱ्याला सोपी तारीख लागते.

"उद्या मी येतो. आपण घरं पुन्हा पाहू," ते म्हणाले.

सोनियाला राग आला, पण तिनं तो फोनवर दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच ऊन चढलं होतं. दोघं सतरा नंबरच्या घरी गेले. घर गुलाबराव खोब्रागडे यांचं. गुलाबराव रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर झालेले, सत्तर वर्षांचे. घरात बायको लता, मुलगा गौतम आणि सून चेतना. गौतम एका खासगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. दहा दिवसांपूर्वी सोनियानं त्याचीच मुलाखत घेतली होती.

भार्गव सरांनी ओळख करून दिली आणि गौतमची जन्मतारीख विचारली.

"चौदह अप्रैल," गौतम म्हणाला. "लिखवाया तो था दीदी को."

गुलाबराव उठून आत गेले आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो व्यवस्थित ठेवलेला होता. तारीख चौदा एप्रिल एकोणीसशे एकोणनव्वद. भार्गव सरांनी पाहिला, परत दिला. सोनियाच्या मनावरचं ओझं उतरलं. ती खोटं बोलली नव्हती, हे आता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"बाकीच्यांच्या तारखा?"

"आधार कार्डावरून लिहिल्या सर. काकांची एक जुलै, काकूंची एक जानेवारी, वहिनीची नऊ मार्च."

भार्गव सरांनी लताबाईंकडे पाहिलं. त्या दाराशी बसून गवारीच्या शेंगा निवडत होत्या.

"माय, तुमचा जन्म खरंच एक जानेवारीचा काय?"

"मले काय माहीत बापा. आधारवाल्या पोट्ट्यानं टाकली ते," लताबाई म्हणाल्या. "आमच्या गावी दीक्षा झाली त्याच्यानंतर दोन-तीन वर्षांनी झाली मी, एवढंच माय सांगे."

"अन् गौतमचा?"

लताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग शेंगेची दोरी काढून बाजूला टाकली.

"त्याचा धान कापणं झाल्यावर. थंडी पडून राहिली होती. बुधवार होता, बाजाराचा दिवस."

म्हणजे नोव्हेंबर, फार तर डिसेंबर. गौतमनं आईकडे पाहिलं. छत्तीस वर्षं तो चौदा एप्रिललाच वाढदिवस समजत आला होता. त्या दिवशी सगळा पारा निळ्या झेंड्यांनी भरायचा आणि लहानपणी त्याला वाटायचं, मिरवणुकीतला थोडा भाग आपलाही आहे.

"फिर असली कौन सी है?" त्यानं विचारलं.

"तारीख कुठं लिहून ठेवली होती," आई म्हणाली.

गुलाबरावांचा चेहरा ताठ झाला होता.

"शाळेत नाव टाकाले नेलं तेव्हा मास्तरनं विचारलं, जन्मतारीख काय? मी म्हटलं, चौदा एप्रिल. मास्तरनं लिहून घेतलं. माझ्या बापानं माझी तारीख टाकली नाही, शाळेनंच टाकली एक जुलै. मी माझ्या पोराले चांगली तारीख दिली. त्याच्यात खोटं काय आहे साहेब?"

"खोटं काहीच नाही, काका," भार्गव सर म्हणाले.

बाहेर आल्यावर ते कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले.

"तुझा वाढदिवस कधी?" त्यांनी विचारलं.

"चौदा एप्रिल."

"खरा?"

"आईला कधी विचारलं नाही सर."

ते हसले नाहीत. त्यांनी भोपाळला नीलिमा मॅडमना फोन लावला. कोणत्या घरातून कुणाला निवडायचं याचे नियम त्याच बघत. फोन स्पीकरवर होता, म्हणून सोनियालाही सगळं ऐकू येत होतं.

नीलिमा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: त्या नऊजणांत बायका किती? सोनियानं टॅब्लेटमध्ये पाहिलं. एकही नव्हती. सगळे तीस ते पन्नास वर्षांचे, शाळेत गेलेले मुलगेच. मुलींची तारीख टाकताना बापांनी एवढा विचार केलेला दिसत नव्हता. आयांना तर तारीखच नव्हती, सरकारी एक जानेवारी तेवढी होती.

"म्हणजे एप्रिलच्या शेवटी या पाऱ्यात कुणीही गेलं, तरी मुलगेच निघणार," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "यात चिठ्ठी कुठं राहिली? मॅन्युअलमध्ये आहे, घरातल्या एकाचीही खरी तारीख माहीत नसेल तर वाढदिवस सोडायचा आणि ग्रिडचा तक्ता वापरायचा. सोनिया, तू लोकांना विचारलंस की कार्ड पाहिलंस?"

"कार्ड पाहिलं मॅडम. लवकर होते म्हणून."

"तिथंच चुकलं."

"मग ही नऊ घरं पुन्हा करते."

"नऊ नाही. चोवीसच्या चोवीस."

"बाकीच्या पंधरांत तर अडचण नव्हती."

"आपल्याला निकाल खटकला तेवढीच घरं बदलली, तर ती निवड आपण हातानं केल्यासारखी होईल. सगळीकडे ग्रिड लाव. जिथं तोच माणूस निघेल तिथली मुलाखत राहील. बाकीच्या रद्द."

सोनियानं मनातल्या मनात हिशेब केला. सतरा-अठरा मुलाखती पुन्हा, प्रत्येकी चाळीस मिनिटं, मे महिन्याचं ऊन. तिनं "हो मॅडम" म्हटलं.

ती दोघं पुन्हा खोब्रागड्यांच्या घरात गेली. सोनियानं यादी नव्यानं केली. आधी पुरुष, मोठ्याकडून लहानाकडे, मग बायका तशाच: एक गुलाबराव, दोन गौतम, तीन लता, चार चेतना. मग तिनं मॅन्युअलमधला तक्ता उघडून सगळ्यांसमोर धरला. वरच्या रकान्यांत घरात मोठी माणसं किती, डावीकडच्या ओळींत घराच्या नंबरचा शेवटचा आकडा. माणसं चार, घर सतरा म्हणून आकडा सात. तिनं एक बोट वरून खाली आणलं, दुसरं डावीकडून उजवीकडे. दोन्ही बोटं ज्या चौकटीत भेटली तिथं तीन होतं.

"काकू, तुमचा नंबर आला."

लताबाईंना ते पटलं नाही. "मले तं माही तारीखच माहीत नाही. मी कशी निघाली?"

"आता तारखेनं नाही. यादीत तुम्ही तीन नंबरवर आहात, अन् इथं तीन आहे."

"तिले काय विचारता," गुलाबराव म्हणाले. "गौतमनं सगळं सांगितलं होतं ना. नाही तं मले विचारा. रेल्वेचा दवाखाना मले पूर्ण माहीत आहे."

"काका, तुम्ही एक नंबर आहात. चौकटीत एक असता तर तुम्हालाच विचारलं असतं."

"अन् माझं पहिलं?" गौतमनं विचारलं. या वेळी तो मराठीत बोलला.

"ते रद्द करावं लागेल, भैया. तुमचे चाळीस मिनिटं वाया गेले, माफ करा. चूक माझी होती."

गौतमनं मान हलवली आणि दाखला परत पिशवीत घातला. मुलाखतीच्या वेळी घरचं दुसरं कुणी जवळ नको असतं, हे सोनियानं सांगितलं, तेव्हा गुलाबराव नाइलाजानं बाहेर खाटेवर जाऊन बसले. भार्गव सर त्यांच्यापाशी बसले आणि त्यांना वर्कशॉपबद्दल विचारत राहिले. गौतम आणि चेतना स्वयंपाकघराचं दार ओढून आत गेले.

लताबाईंनी शेंगांचं टोपलं मांडीवरच ठेवलं. पहिले प्रश्न सोपे होते. मग सोनियानं विचारलं, "गेल्या वर्षभरात काही दुखणं होतं, पण दवाखान्यात गेला नाहीत, असं झालं काय?"

"हव."

"काय होतं?"

"डोळा. उजव्या डोळ्यानं धूरधूर दिसते."

"किती दिवसांपासून?"

"गौतमचं लग्न झालं तवापासून. पाच वर्षं झाले."

पुढच्या प्रश्नात दवाखान्यात न जाण्याची कारणं होती. सोनियानं ती एकेक वाचली. दवाखाना लांब आहे, खर्च परवडत नाही, नेणारं कुणी नाही, दुखणं मोठं वाटलं नाही. लताबाई प्रत्येकावर विचार करून नाही म्हणाल्या.

"मग काहून नाही गेल्या, काकू?"

"एका डोळ्यानं होऊन राहिलं होतं सगळं. घरात सांगितलं नाही मी कोणाले. आता तू विचारलं म्हणून सांगितलं."

सोनियानं "इतर" वर टिचकी मारून त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मुलाखतीत सल्ला द्यायचा नसतो, म्हणून तिनं दिला नाही. सगळे प्रश्न संपल्यावर, प्रत्येकाला देतात तो दवाखान्यांच्या पत्त्यांचा कागद तिनं लताबाईंच्या हातात दिला आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या ओळीवर बोट ठेवलं. लताबाईंनी कागद डाव्या डोळ्याजवळ धरला. वाचता येत नव्हतं, तरी थोडा वेळ पाहिला आणि घडी करून पदरात बांधला.

बाहेर गुलाबरावांनी विचारलं, "काय सांगितलं तिनं?"

"ते मला सांगता येत नाही, काका. तुमचं असतं तर तुमचंही सांगितलं नसतं."

पुढचे बारा दिवस सोनिया त्या पाऱ्यातच होती. चोवीस घरांपैकी सात घरांत ग्रिडनंही तोच माणूस दिला, ती कामं राहिली. सतरा घरांत दुसरं कुणी निघालं, त्यात अकरा बायका. तिघं तीन-तीन फेऱ्या घालूनही सापडले नाहीत. एक म्हातारे अभनपूरला लेकीकडे जाऊन बसले होते. त्यांचा मुलगा म्हणाला, मीच सांगतो, काय फरक पडतो. सोनियानं त्या घरापुढे "भेट झाली नाही" असं लिहिलं आणि त्याची मुलाखत घेतली नाही.

एका संध्याकाळी गुलाबराव तिला गल्लीच्या तोंडाशी भेटले. त्यांच्यासोबत लताबाई होत्या, इस्त्रीची साडी नेसलेल्या. दोघं दवाखान्यात तपासणीला जायला रिक्षाची वाट पाहत होते.

"हिनं तो पत्त्यांचा कागद दाखवला मले. डॉक्टर म्हणते, मोतीबिंदू आहे," गुलाबराव म्हणाले. "पुढच्या हप्त्यात ऑपरेशन. तिथंही जन्मतारीख विचारली. एक जानेवारीच सांगितली आम्ही."

रिक्षा आली. लताबाई आधी चढल्या.